प्रकाशित मालिकेला सारखी सुरुवात आणि सारखा शेवट: इंट्रो घालता येत नाही, एंड स्क्रीन बोलण्यावर चढते, तेव्हा काय करायचं

ही अडचण जवळपास एकाच रूपात पुन्हा पुन्हा येते. यूट्यूबवर मालिका चढवून झालेली असते, पंधरा-वीस भाग असतात, आणि मग लक्षात येतं की सगळे भाग एका घरचे वाटत नाहीत. पहिल्या काही भागांना संगीत वाजवणारा लांबलचक इंट्रो, मधल्यांना काहीच नाही, शेवटच्यांना वेगळाच. शेवटही तसेच. कुठे काळी पाटी, कुठे "पुन्हा भेटू", कुठे वाक्य संपताक्षणी व्हिडिओ तुटलेला. मग माणूस एक नवा इंट्रो आणि आउट्रो बनवतो, यूट्यूब स्टुडिओ उघडतो, आणि तो घालायचा कुठे याचा पर्याय त्याला सापडत नाही.

सापडत नाही, कारण तो नाहीच. यूट्यूबवर प्रकाशित व्हिडिओची फाइल बदलता येत नाही. नवी फाइल चढवली की तिला नवी लिंक मिळते, व्ह्यूज शून्यापासून सुरू होतात आणि जुन्या प्रतिक्रिया जुन्या लिंकपाशीच राहतात. (विमिओवर फाइल बदलून लिंक तीच ठेवता येते. पुढचं सगळं यूट्यूबबद्दल आहे.) स्टुडिओतल्या `Editor` मधून व्हिडिओचा भाग कापता येतो, चेहरा धूसर करता येतो, संगीत जोडता येतं, पण दुसरी क्लिप आत घुसवता येत नाही.

म्हणून सुरुवातीलाच एक फरक पक्का करून घ्या. इंट्रो आणि आउट्रो फाइलच्या आत असतात. एंड स्क्रीन, म्हणजे शेवटी दिसणाऱ्या पुढच्या व्हिडिओच्या आणि सबस्क्राइबच्या चौकटी, फाइलच्या बाहेर असते, प्लेअर ती चित्रावर मांडतो. त्यामुळे एंड स्क्रीन कितीही वेळा बदला, व्हिडिओला धक्का लागत नाही. इंट्रो-आउट्रोच्या बाबतीत तुमच्या हातात फक्त कात्री आहे, सुई-दोरा नाही. प्रकाशित मालिकेत एकसारखेपणा आणायचा तर तो बहुतेक वेळा काढून आणावा लागतो, घालून नाही. हे मान्य केलं की काम बरंच सोपं होतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. समजा सायकल दुरुस्तीची 18 भागांची मालिका आहे. भाग 1 ते 6 ला 14 सेकंदांचा जुना इंट्रो आहे आणि ते शेवटच्या सेकंदापर्यंत बोलणं चालू असताना संपतात. भाग 7 ते 13 थेट सुरू होतात आणि शेवटी सहा-सात सेकंद निरोपाचं बोलणं आहे. भाग 14 ते 18 ला 4 सेकंदांचा इंट्रो आणि शेवटी 20 सेकंदांची काळी पाटी आहे.

सुरुवात: सगळ्यांना इंट्रो देण्याऐवजी सगळ्यांचा काढा

इथे दोन रस्ते दिसतात. सात भागांना इंट्रो नाही, तो घालण्यासाठी ते सात भाग पुन्हा चढवायचे. किंवा उरलेल्या अकरा भागांचा इंट्रो कापायचा. माझं मत स्पष्ट आहे, कापा. दुरुस्ती शिकायला आलेला प्रेक्षक साखळी कशी काढायची ते बघायला आलेला असतो. खात्री करायची असेल तर भाग 1 चं प्रेक्षक टिकून राहण्याचं आलेख-चित्र `Analytics` मध्ये उघडा आणि पहिली 14 सेकंदं बघा. रेषा तिथेच उतरत असेल तर लोक तुमच्या इंट्रोतूनच निघून जात आहेत. मग तो इंट्रो आणखी सात भागांना चिकटवण्यात काहीच अर्थ नाही.

कापण्यासाठी व्हिडिओच्या `Editor` मध्ये जाऊन `Trim & cut` निवडा, सुरुवातीचं टोक 14 सेकंदांपर्यंत ओढा आणि ऐकून बघा. इंट्रोच्या संगीताची शेपटी पहिल्या शब्दाखाली वाजत असेल तर पहिल्या शब्दाच्या अगदी तोंडाशी कापू नका, नाहीतर अर्धवट तुटलेला सूर ऐकू येतो आणि व्हिडिओ बिघडल्यासारखा वाटतो. अशा वेळी संगीत पूर्ण विरेल तिथपर्यंत थांबा, मग त्यात "नमस्कार" गेला तरी चालेल. सेव्ह केल्यावर प्रक्रिया पूर्ण व्हायला वेळ लागतो, आणि तोवर लोकांना जुनाच व्हिडिओ दिसत राहतो. बदल झालाच नाही असं समजून पुन्हा पुन्हा कापत बसू नका. चुकलं तर त्याच एडिटरच्या मेनूत मूळ रूपात परत जाण्याचा पर्याय असतो.

दोन ठिकाणी हा रस्ता अडतो. सहा तासांपेक्षा लांब व्हिडिओ या एडिटरमध्ये चालत नाही. आणि व्हिडिओला 1,00,000 पेक्षा जास्त व्ह्यूज असतील तर चेहरा धूसर करण्याखेरीजचे बदल कदाचित सेव्ह होणार नाहीत. चॅनेल पार्टनर प्रोग्राममध्ये असेल तर ही अट लागू नाही. बटण दाबता येत नाही आणि कारण कळत नाही, अशी तक्रार असेल तर आधी व्ह्यूजचा आकडा बघा.

कापल्यानंतरची खरी डोकेदुखी वेगळीच असते, आणि ती बऱ्याच दिवसांनी कुणीतरी प्रतिक्रियेत लिहिल्यावर कळते. वर्णनात लिहिलेल्या प्रकरणांच्या वेळा आपोआप सरकत नाहीत. भाग 3 च्या वर्णनात असं लिहिलेलं होतं समजा:

```
00:00 इंट्रो
00:14 साखळी काढणे
03:40 दाते तपासणे
07:25 नवी साखळी बसवणे
```

14 सेकंद कापल्यावर यातली प्रत्येक वेळ 14 सेकंद उशिराची झाली. "दाते तपासणे" वर टिचकी मारली की प्रेक्षक वाक्याच्या मधोमध पडतो. प्रत्येक वेळेतून 14 वजा करायचे आणि इंट्रोची ओळ काढायची:

```
00:00 साखळी काढणे
03:26 दाते तपासणे
07:11 नवी साखळी बसवणे
```

पहिली ओळ 00:00 चीच हवी, किमान तीन वेळा हव्यात आणि प्रत्येक प्रकरण निदान 10 सेकंदांचं हवं, नाहीतर प्रकरणं दिसतच नाहीत. इंट्रोची ओळ काढल्यावर तीनपेक्षा कमी उरल्या तर एखादं मोठं प्रकरण दोन भागांत तोडा. स्वतः चढवलेली सबटायटल्स असतील तर प्रक्रिया संपल्यावर तीही एकदा सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी जुळवून बघा. दुसरीकडे कुठे ठरावीक वेळेची लिंक दिलेली असेल, म्हणजे पत्त्याच्या शेवटी `t=220` असं काही, तर तीही हाताने बदलावी लागते.

इंट्रो गेला तरी ओळख जायला नको, असं वाटणं रास्त आहे. त्यासाठी वॉटरमार्क आहे. चॅनेलच्या `Customization` मध्ये तो एकदाच लावायचा, आणि तो जुन्या-नव्या सगळ्या व्हिडिओंवर एकदम दिसतो. मालिकेवर एका फटक्यात लागू होणारी ही एक गोष्ट आहे. चित्र चौकोनी, 150 बाय 150 पिक्सेलचं आणि 1 एमबीपेक्षा लहान असू द्या. वेळ निवडताना मात्र एक खाचखळगा आहे. व्हिडिओच्या शेवटी दाखवण्याचा पर्याय घेतलात तर वॉटरमार्क शेवटच्या 15 सेकंदांत येतो, आणि एंड स्क्रीन चालू असताना वॉटरमार्क लपवला जातो. एंड स्क्रीन लांब ठेवली असेल तर तो कुणाला दिसणारच नाही. म्हणून संपूर्ण व्हिडिओभर दिसण्याचा पर्याय निवडा.

शेवट: एंड स्क्रीन बोलण्यावर का चढते

एंड स्क्रीन व्हिडिओच्या शेवटच्या 5 ते 20 सेकंदांत बसते, आणि व्हिडिओ किमान 25 सेकंदांचा असावा लागतो. ती नेहमी शेवटाला चिकटलेली असते. शेवटी रिकामी जागा ठेवलेली नसेल तर चौकटी बोलणाऱ्याच्या तोंडावर किंवा हातातल्या पान्यावर येणारच. हा दोष एंड स्क्रीनचा नाही, शेवटी मोकळी जागा न ठेवल्याचा आहे, आणि ती जागा आता वाढवता येत नाही.

म्हणून मांडणी ठरवण्याआधी प्रत्येक भाग शेवटून बघा आणि दोनच गोष्टी टिपा: कामाचं शेवटचं वाक्य संपल्यावर किती सेकंद उरतात, आणि त्या सेकंदांत पडद्याचा कोणता कोपरा रिकामा आहे. आपल्या उदाहरणात भाग 7 ते 13 मध्ये सहा-सात सेकंद मिळतात आणि बोलणारा उजवीकडे उभा आहे, म्हणजे डावी बाजू मोकळी. भाग 14 ते 18 मध्ये काळ्या पाटीचे 20 सेकंद आहेत, म्हणजे गरजेपेक्षा जास्त. ते 8 वर आणा, कारण काळ्या पडद्याकडे 20 सेकंद कुणी बघत बसत नाही. भाग 1 ते 6 मध्ये जागा शून्य आहे.

आता मांडणी सगळ्यांत अडचणीच्या गटाकडे बघून ठरवायची, सोयीच्या गटाकडे बघून नाही. भाग 5 सोडला तर भाग 1 ते 6 च्या शेवटच्या 5 सेकंदांत हात आणि चाक खाली मध्यभागी दिसतात आणि वरचा डावा कोपरा मोकळा आहे. मग अठराही भागांत पुढच्या भागाची चौकट वर डावीकडे आणि सबस्क्राइबचं वर्तुळ तिच्या खाली डावीकडेच. आडव्या 16:9 व्हिडिओत चार घटकांपर्यंत ठेवता येतात, पण इथे दोनच पुरे. चार ठेवलेत तर पहिल्या सहा भागांत हात झाकले जातील, आणि शेवटचा स्क्रू किती आवळायचा हे सांगणारा तोच तर क्षण आहे. तळाशी मध्यभागी काही ठेवू नका, सबटायटल्स तिथेच येतात.

वेळ मात्र गटानुसार वेगळी चालेल. पहिल्या गटाला 5 सेकंद, दुसऱ्याला 6, तिसऱ्याला 8. सगळीकडे एकच आकडा असावा हा हट्ट सोडा. प्रेक्षकाच्या सवयीत जागा बसते. पुढचा भाग दर वेळी वर डावीकडे असतो हे त्याला कळतं, पण चौकट पाच सेकंद होती की आठ हे त्याच्या लक्षातही येत नाही.

कापणं आणि एंड स्क्रीन यांचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी दोन्ही टोकं कापा, प्रक्रिया संपू द्या, मग एंड स्क्रीन लावा. उलट केलंत तर ज्या शेवटाला ती चिकटली होती तोच बदलतो आणि मांडणी पुन्हा तपासावी लागते.

सगळ्या भागांच्या शेवटी एकच चुकीचा व्हिडिओ दिसतो

एका भागाची एंड स्क्रीन दुसऱ्यावर आणायला `Import from video` आहे. भाग 7 ची मांडणी नीट लावा आणि बाकीच्या भागांत तिथून उचला. जागा आणि आकार तसेच येतात, हाताने ओढत बसावं लागत नाही. पण घटकात काय निवडलं आहे तेही तसंच येतं. भाग 7 मध्ये तुम्ही भाग 8 निवडला होता, म्हणून आता भाग 3 च्या शेवटीही भाग 8 आणि भाग 14 च्या शेवटीही भाग 8. भाग 8 च्या शेवटी तर तो स्वतःच. वरवर सगळं सारखं दिसतं, म्हणून हे पटकन ध्यानात येत नाही.

मग काही जण यावर उपाय म्हणून विशिष्ट व्हिडिओऐवजी आपोआप भरणारा पर्याय घेतात. मालिकेसाठी ते तितकंसं बरोबर नाही. सर्वांत नवा व्हिडिओ हा पर्याय घेतला तर भाग 3 बघणारा थेट भाग 18 वर जातो. प्रेक्षकाला साजेसा व्हिडिओ हा पर्याय घेतला तर यूट्यूब ठरवेल ते, आणि ते भाग 4 असेलच असं नाही. प्लेलिस्ट निवडली तर टिचकी मारणारा प्लेलिस्टच्या सुरुवातीला, म्हणजे भाग 1 वर पोहोचतो, जो त्याने आधीच बघितलेला असतो. क्रमाने बघायच्या मालिकेत मुख्य चौकटीत पुढचा भाग हाताने निवडण्याला पर्याय नाही. उचललेल्या मांडणीत तेवढाच एक घटक बदलायचा आहे, फार वेळ लागत नाही. भाग 18 ला पुढचा भाग नसल्यामुळे तिथे दुसऱ्या मालिकेची प्लेलिस्ट द्या; तिथे सुरुवातीपासून सुरू होणं हेच हवं असतं.

यूट्यूबच्या डेटा एपीआयमध्ये एंड स्क्रीनची सोय नाही. स्क्रिप्ट लिहून अठराही भागांना एकदम लावू, असा विचार असेल तर तो वेळ वाचवा.

एंड स्क्रीन लावली आणि दिसतच नाही, असं असेल तर तीन गोष्टी बघा. व्हिडिओ मुलांसाठीचा म्हणून नोंदवला आहे का, कारण तसं असेल तर एंड स्क्रीन मिळत नाही. तुम्ही मोबाइलच्या ब्राउझरमध्ये बघताय का, कारण तिथे ती दिसत नाही, अॅपमध्ये बघा. आणि निवडलेला व्हिडिओ खासगी केला आहे किंवा डिलीट केला आहे का.

ज्याला पुन्हा चढवणं भाग आहे

भाग 1 ते 6 पैकी भाग 5 घ्या. वाक्य अर्ध्यावर तुटून संपतो, पाच सेकंदांतही चौकट ठेवायला मोकळा कोपरा नाही, आणि व्ह्यूज बाकीच्यांच्या मानाने अगदी थोडे. हा एकच भाग पुन्हा चढवण्यासारखा आहे. तुटलेलं वाक्य मूळ चित्रीकरणात पूर्ण असेल तर तिथूनच भाग नव्याने काढा, आणि मग 8 सेकंदांचा आउट्रो जोडा. स्टुडिओतून उतरवून घेतलेली प्रत वापरू नका. ती 720p पर्यंतच मिळते आणि आधीच दाबलेली असते. तुमच्याकडची मूळ फाइल शोधा.

जोडताना नेहमीची तक्रार ही, की आउट्रो सुरू होताच चित्र थिजतं किंवा आवाज पुढे-मागे होतो. बहुतेक वेळा कारण असं असतं, की दोन्ही फाइलींची घडण वेगळी असताना त्या पुन्हा एन्कोड न करता नुसत्या चिकटवल्या. आधी ffmpeg या कमांड-लाइनच्या साधनासोबत येणाऱ्या ffprobe ने तपासा:

```
ffprobe -v error -show_entries stream=codec_name,width,height,r_frame_rate,sample_rate,channels -of compact ep05.mp4
```

हाच आदेश आउट्रोच्या फाइलवरही चालवा आणि ओळी शेजारी शेजारी ठेवा. समजा भागात 25 फ्रेम आणि 48000 चा आवाज आहे, आउट्रोत 30 फ्रेम आणि 44100. एवढा फरक पुरेसा आहे. दोन्ही एका मापात आणून जोडा:

```
ffmpeg -i ep05.mp4 -i outro.mp4 -filter_complex "
[0:v]scale=1920:1080,setsar=1,fps=25,format=yuv420p[v0];
[1:v]scale=1920:1080,setsar=1,fps=25,format=yuv420p[v1];
[0:a]aformat=sample_rates=48000:channel_layouts=stereo[a0];
[1:a]volume=-7dB,aformat=sample_rates=48000:channel_layouts=stereo[a1];
[v0][a0][v1][a1]concat=n=2:v=1:a=1[v][a]" \
-map "[v]" -map "[a]" -c:v libx264 -crf 18 -c:a aac -b:a 192k ep05_new.mp4
```

हे दोन्ही फाइली 16:9 आहेत असं धरून आहे. `matches no streams` असा संदेश आला तर आउट्रोच्या फाइलीत आवाजाचा ट्रॅकच नाही. त्यात शांततेचा ट्रॅक घाला आणि पुढे `outro.mp4` ऐवजी ही नवी फाइल वापरा:

```
ffmpeg -i outro.mp4 -f lavfi -i anullsrc=r=48000:cl=stereo -c:v copy -c:a aac -shortest outro_a.mp4
```

वरच्या आदेशातला `volume=-7dB` कुठून आला ते सांगतो, कारण अंदाजाने टाकायचा आकडा तो नाही. दोन्ही फाइलींचा आवाज वेगवेगळा मोजला:

```
ffmpeg -hide_banner -i outro.mp4 -af ebur128 -f null -
```

शेवटी `I:` पुढे जो आकडा येतो तो सरासरी आवाज. समजा भागाचा −19 आला आणि आउट्रोच्या संगीताचा −12, तर संगीत 7 डेसिबलने मोठं आहे, म्हणून तेवढं उतरवलं. यूट्यूब आवाज आपोआप सारखा करतं या भरवशावर हे सोडू नका. ते संपूर्ण व्हिडिओ एकदम खाली आणतं, त्याच्या आतल्या दोन तुकड्यांमधला फरक तसाच राहतो. कानात हेडफोन घालून बसलेल्या माणसाला हा फरक फार बोचतो.

नवा भाग 5 चढवला की त्याच्याभोवतीची साखळी दुरुस्त करायची. प्लेलिस्टमध्ये तो शेवटी जाऊन बसला असेल तर ओढून पाचव्या जागी आणा आणि जुना प्लेलिस्टमधून काढा. भाग 4 ची एंड स्क्रीन अजून जुन्याकडेच बोट दाखवते, तिथे नवा निवडा. इतर भागांच्या कार्डांत आणि वर्णनांत भाग 5 ची लिंक शोधून बदला. जुना व्हिडिओ डिलीट करू नका, `Unlisted` करा: ज्यांच्याकडे जुनी लिंक आहे त्यांना तो उघडेल, आणि तिथे वर्णनाच्या पहिल्या ओळीत व पिन केलेल्या प्रतिक्रियेत नव्या भागाची लिंक द्या. जुन्याच्या एंड स्क्रीनवरही भाग 6 ऐवजी नवा भाग 5 ठेवलात तर कुठूनही आलेला माणूस योग्य जागी येतो.

काही आठवड्यांनी `Analytics` मधल्या `Engagement` मध्ये एंड स्क्रीनवरच्या टिचक्यांचं प्रमाण गटागटाने बघा. भाग 1 ते 6 चं प्रमाण बाकीच्यांपेक्षा खूपच खाली असेल, तर त्या पाच सेकंदांत लोक हातांकडे बघतायत, चौकटीकडे नाही. अशा भागांत वर्णनाच्या पहिल्या ओळीत आणि पिन केलेल्या प्रतिक्रियेत पुढच्या भागाची लिंक द्या, आणि एंड स्क्रीन आहे तशीच राहू द्या.